पितृस्थानी इंगळे मास्तर

इंगळे मास्तरांचा हात आधी चालायचा, मग तोंड, आणि डोकं सगळ्यात शेवटी, तेही कुणी आठवण करून दिली तर. चामराजपेटमधल्या आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे आणि मी हिंदी. मी निपाणीहून नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मैदानावर एक गृहस्थ एका पालकाच्या छातीवर बसलेले दिसले. बाकीचे शिक्षक चहा पीत होते. मी घाबरून विचारलं, तर एक बाई म्हणाल्या, "काही नाही हो, आमचे इंगळे मास्तर. आता उठतील."

आणि उठले. त्या पालकाला हात देऊन उठवलं, त्याच्या शर्टाची धूळ झटकली आणि म्हणाले, "सरी, झालं, विषय संपला." तो माणूस पोराला का मारलंत म्हणून जाब विचारायला आला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा म्हातारा बाप आला. मला वाटलं, आता पोलीस. पण म्हाताऱ्याने मास्तरांचा हात धरला आणि कन्नडमध्ये सांगितलं, की माझ्या मुलाला लहानपणी तुम्ही भेटला असता तर बरं झालं असतं.

"मारलं म्हणजे विषय संपला" हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते मनापासून त्यावर विश्वास ठेवायचे. मारल्यावर त्यांच्या मनात खरोखर काही उरायचं नाही. ज्याला मारलं त्याच्या मनात काय उरतं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मला त्यांचा राग यायचा. पुष्कळदा यायचा. कोवळ्या पोरांच्या पाठीवर वळ पाहिले की मी त्यांच्याशी आठवडा आठवडा बोलायचो नाही, आणि त्यांना ते कळायचंही नाही.

त्यांचं घराणं कधीच्या काळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, पण अशी की निम्मी वाक्यं कन्नडमध्ये जाऊन पडायची. गरडीत, म्हणजे तिथल्या तालमीत, कमावलेले दंड, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. रिटायर झाल्यावरही शिट्टी गळ्यातच होती. भाजी आणायला जातानासुद्धा. रिक्षावाला थांबला नाही तर शिट्टी, कुत्रं भुंकलं तर शिट्टी.

एकदा शाळेच्या बँडचं कापड आणायला आम्ही दोघे चिकपेटला गेलो. गल्लीत माणसाला माणूस घासत होता. एका हातगाडीवाल्याने पोटुशी बाई समोर असताना गाडी तशीच रेटली आणि वर तिलाच शिवी हासडली. मास्तरांच्या बगलेत कापडाचा तागा होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला, अगदी सावकाश, आणि पुढच्या क्षणी त्या माणसाला उचलून त्याच्याच गाडीवर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खांद्याजवळचं हाड होतं. बाजार थबकला. मग याच मास्तरांनी त्या विव्हळणाऱ्या माणसाला त्याच गाडीवर निजवलं, स्वतः गाडी ढकलत दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत त्याच्या उशाशी बसून त्याला शिव्या घातल्या. "बायकांशी कसं बोलायचं कळत नाही तुला? घरी आई नाही काय रे?" तो बिचारा रडत होता, दुखण्याने की बोलण्याने, कोण जाणे. संध्याकाळी मास्तरांनी त्याला डोसा भरवला.

असा माणूस. त्याच्या घरात एकच व्यक्ती होती जिच्यावर हात उठला नाही. शालू, त्यांची मुलगी. बायको लवकर गेली. पोरीची वेणी मास्तर स्वतः घालायचे, आणि ती वेणी इतकी घट्ट असायची की शालूचे डोळे दिवसभर ताणलेले दिसायचे. तिच्यासाठी ते शेव शिकले, चकली शिकले. ती शिकली, कॉम्प्युटरवाली झाली, मारतहळ्ळीच्या एका कंपनीत लागली. मास्तर दर शनिवारी बस बदलत तिला डबा द्यायला जायचे.

तिथेच तिला मिन भेटला. व्हिएतनामचा मुलगा, तिच्याच टीममधला, बारीक अंगाचा, बोलताना डोळे मिटून हसणारा. तो मास्तरांकडे रीतसर मागणी घालायला आला. चहाची डबी आणि फळांची परडी घेऊन. शालू शेजारी उभी होती. मास्तरांनी परडी घेतली, बाजूला ठेवली आणि त्याला मारलं.

ते मी पाहिलं नाही, ऐकलं. शेजारच्यांनी सांगितलं, की मिनने हात वर केले नाहीत. तोंड वाचवायलाही नाही. त्याचे पुढचे दात पडले, कानातून रक्त आलं, आणि तो उंबऱ्यापाशी बसला तरी मास्तर थांबले नाहीत. शालू मध्ये पडली. ती मध्ये पडल्यावर मास्तरांचा हात हवेतच राहिला. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तिने त्याला उठवलं आणि घेऊन गेली. मिनने पोलिसांत तक्रार केली नाही. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, मारतहळ्ळीत घर घेतलं, पुढे मुलगी झाली. मास्तरांना हे सगळं दुसऱ्यांकडून कळलं. शालू फोन उचलायची नाही.

"मारलं की विषय संपला ना? मग?" ते मला एकदा म्हणाले. ते लहान मुलासारखे खरंच उत्तराची वाट पाहत होते.

आणि मग एक दिवस ते आमंत्रण आलं.

मी सकाळी त्यांच्याकडे पेपर वाचायला गेलो, तर दारातच मास्तरांनी कुणाला तरी कॉलर धरून भिंतीला दाबलेलं. तो मिन होता. त्याची टाच जमिनीवरून सुटली होती, चेहरा लाल झाला होता, पण दोन्ही हात पुढे होते आणि दोन्ही हातांत एक लिफाफा. तो लिफाफा तो मास्तरांना देत होता. गळा आवळलेला असताना.

"मास्तर, सोडा! मरेल तो!"

"मरू दे की. माझ्या दारात दोनदा आला. पहिल्यांदा दार लावलं तोंडावर. परत बेल!"

"अहो, काय आणलंय ते तरी बघू."

त्यांनी सोडलं. मिन खोकला, शर्ट नीट केला, वाकला आणि पुन्हा दोन्ही हातांनी लिफाफा पुढे धरला. मग पाठ केलेलं मराठी बोलला, शालूने शिकवलेलं असणार, "बाबा, आमच्या आजोबांची तिथी आहे. हे लेकरू तुम्हाला बोलवायला आलं आहे."

मी इंग्रजीत विचारलं, की बाबा रे, फोन करायचास, पोस्टाने पाठवायचंस, इथे कशाला आलास? तो म्हणाला, मोठ्यांना असं बोलवत नाहीत. धाकट्याने स्वतः जायचं, दोन्ही हातांनी द्यायचं, तोंडाने म्हणायचं. तशी रीत आहे. आणि त्याच्या भाषेत मोठ्यांशी बोलताना 'मी' म्हणायचं नसतं, 'लेकरू' म्हणायचं असतं. मग गळा चोळत किंचित हसला. "आमचे आजोबाही फार मारायचे. त्यांनी माझ्या काकांना वल्ह्याने मारलं होतं. मला सवय आहे."

तो गेल्यावर लिफाफा मीच उघडला. मास्तर चष्मा नाही म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. आत वर व्हिएतनामी मजकूर आणि खाली शालूच्या अक्षरात मराठी:

"आदरणीय बाबांच्या चरणी. येत्या गुरुवारी आमचे आजोबा आम्हाला सोडून गेल्याची तिथी येते. त्यांची आठवण म्हणून घरच्यांनी साधंसुधं जेवण करून आजोबांपुढे ठेवायचं योजलं आहे. आपल्या मोलाच्या वेळातला थोडा वेळ काढून आपण यावं, आजोबांना एक उदबत्ती लावावी आणि आमच्या घरच्या माणसांबरोबर दोन घास घ्यावेत, ही या लेकरांची विनंती. आपल्या येण्याने आजोबांना समाधान वाटेल आणि आमच्या घराला मान मिळेल. बोलावण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी."

खाली मिन आणि शालू, दोघांची नावं. मी दोनदा वाचलं. 'मेले', 'वारले' असा शब्द कुठे नव्हता. दात पाडल्याचाही नव्हता.

मास्तर एकदम उसळले. "श्राद्धाचं जेवण? मला? माणूस बारशाला बोलावतं, लग्नाला बोलावतं. श्राद्धाला परक्याला कोण बोलावतं, जोशी? तुम्ही सांगा. तुम्ही तर यातले."

आता मी यातला होतो खरा. माझे वडील निपाणीत लोकांच्या श्राद्धाला जायचे. मी सांगितलं, की आमच्याकडे श्राद्धाला परका एकच बोलावतात. ब्राह्मण. यजमान आदल्या दिवशी स्वतः घरी येतो, नमस्कार करतो, उद्या या म्हणून विनवतो. मग त्या ब्राह्मणाला पितृस्थानी बसवतात, म्हणजे जो गेला त्याच्या जागी. त्याला पाटावर बसवून आधी जेवू घालायचं. तो तृप्त झाला की पितर तृप्त.

मास्तर माझ्याकडे वळले. "यजमान स्वतः येतो?"

"हो."

"हात जोडून?"

"हो."

"आणि गेलेल्या माणसाच्या जागी बसवतात."

त्यांच्या डोक्यात काय जुळलं ते मला दिसलं, आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. त्या मुलाचं बापाचं छत्र लहानपणीच गेलं होतं, आजोबांनी वाढवलेला. इथे घरात मोठं पुरुषमाणूस नाही. शालूच्या सासरचं ते एकटंच बिऱ्हाड. मग तो आजोबांच्या जागी कुणाला बसवणार? सासऱ्याला. ज्याने दात पाडले त्याला.

"जोशी," मास्तर म्हणाले. "माझ्या आयुष्यात मला असा मान कुणी दिला नाही रे."

गुरुवारपर्यंत त्यांनी घर डोक्यावर घेतलं. श्राद्धाला बसणाऱ्याने आदल्या रात्री जेवायचं नाही असं मी म्हणालो होतो, तर ते दोन वेळा जेवले नाहीत. नवं धोतर आणलं. न्हाव्याने मिशी थोडी तिरकी कापली तर त्याच्या कानशिलात ठेवून दिली, मग पुन्हा त्याच्याकडूनच नीट करून घेतली. नातीसाठी चांदीचा वाळा घेतला. आणि कशी कोण जाणे, गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. मी एकटा गेलो तर काही तरी करून बसेन."

मारतहळ्ळीचं ते घर चौथ्या मजल्यावर. दार मिननेच उघडलं. त्याने नवे दात बसवले होते, ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे होते. मास्तरांनी मान खाली घातली. शालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कडेवर मूल. तिने मला नमस्कार केला. बापाकडे बघितलं नाही.

हॉलमध्ये एका उंच कपाटावर आजोबांचा फोटो होता. करड्या केसांचा, ओठ घट्ट मिटलेला माणूस. फोटोपुढे मातीचं निळं-पांढरं भांडं, त्यात राख आणि राखेत रोवायच्या उदबत्त्या. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, फुलं, पाच फळांचं ताट, चहा, पाणी आणि तांदळाच्या दारूच्या छोट्या वाट्या. मिनने मला सांगितलं, की ही राख गावाकडच्या मूळ घरातल्या भांड्यातून चिमूटभर आणली आहे. तिच्यावर इथली राख चढत जाते. ते भांडं कधी हलवायचं नसतं. हललं तर पितरांना घर सापडत नाही.

कपाटाखाली एक बुटकं टेबल मांडलेलं. त्यावर अख्खी उकडलेली कोंबडी, चिकट भाताचा डोंगर, बांबूच्या कोंबांचं सार, तळलेले रोल, अंडी घालून शिजवलेलं डुकराचं मांस. भोवती रिकामे वाडगे आणि चॉपस्टिक. आणि टेबलाच्या एका बाजूला, फोटोच्या बरोबर समोर, एक आसन. रिकामं.

मास्तरांनी माझ्या हाताला चिमटा काढला. बघा, म्हणून.

मिनची आई गावाकडून आली होती, ठेंगणी, चांदीच्या केसांची. धाकटे काका आले होते, आजोबांचेच पुत्र, बोटीची इंजिनं दुरुस्त करणारे, मनगट मास्तरांच्या तोडीचं. त्या काकांनी मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. पुतण्याचे दात कुणी पाडले हे त्यांना ठाऊक होतं. ओठ फोटोतल्यासारखेच मिटलेले.

मिनने उदबत्त्या पेटवल्या, दोन्ही हातांनी कपाळाशी धरल्या आणि पुटपुटायला लागला. शालूने हळू आवाजात मला अर्थ सांगितला. आजची तिथी सांगतोय. मग घरातल्या सगळ्यांची नावं. मग पत्ता: भारत, बंगळूर, मारतहळ्ळी, चौथा मजला. म्हणजे आजोबांना यायला सापडेल. या, जेवा, आमचं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मग एकेकाने उदबत्ती लावली, वाकले, चार वेळा. मास्तरांनीही लावली. त्यांचे ओठ थरथरत होते. दोन वेळचा उपास आणि त्यात कोंबडीचा वास.

मग सगळे मागे सरून उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले. मिन मला कानात म्हणाला, "आता आजोबा जेवतायत. उदबत्ती संपली की त्यांचं झालं. मग ताटं खाली उतरवून आपण जेवायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही."

हे त्याने मला सांगितलं. मास्तरांना नाही. मास्तर त्या वेळी समोरच्या आसनाकडे बघत होते, आणि त्यांना दिसत होतं ते एवढंच: ताट वाढलेलं आहे, आसन मांडलेलं आहे, सगळे हात जोडून उभे आहेत आणि वाट बघतायत. माझ्या गावच्या श्राद्धात नेमकं असंच असतं. वाट ब्राह्मणाची असते.

मी "मास्तर" म्हणेपर्यंत ते आसनावर बसले होते. फोटोला नमस्कार केला, डोळे मिटले आणि कोंबडीची तंगडी मोडून तोंडात घातली.

मिनची आई किंचाळली. काका एका झेपेत आले आणि त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पिरगाळलं. मास्तरांच्या तोंडात घास होता. डोळ्यांत आधी गोंधळ होता, नुसता गोंधळ, पितृस्थानी बसलेल्या माणसाचा हात कोण धरतं म्हणून. मग डोळे बदलले. ते मी चिकपेटला पाहिले होते.

पहिला ठोसा काकांच्या नाकावर बसला. काकांनी मास्तरांच्या छातीत डोकं हाणलं. दोघे टेबलावर कोसळले. सार उसळून भिंतीवर गेलं, वाडगे फुटले, कोंबडी सोफ्याखाली गेली. काका त्यांच्या भाषेत ओरडत होते, मास्तर कन्नडमध्ये. मिन मध्ये पडला. मास्तरांचं कोपर त्याच्या भुवईवर लागलं आणि त्याचा डोळा रक्ताने भरला. मूल रडत होतं. मी मास्तरांची कंबर धरली आणि ते मला घेऊनच फिरले. माझी पाठ कपाटावर आदळली, त्यांचीही, आणि वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

राखेचं भांडं खाली पडलं. फुटलं नाही, पण आडवं झालं, आणि सगळी राख फरशीवर पसरली. पेटलेल्या उदबत्त्या राखेत विखुरल्या.

काकांचे हात सुटले. मिनची आई गुडघ्यांवर बसली आणि राख ओंजळीत गोळा करायला लागली. मिन रक्त न पुसता तिच्याशेजारी बसला आणि त्या फोटोकडे बघून पुन्हा पुन्हा काही तरी म्हणायला लागला. त्या बोलण्याला भाषांतर लागत नव्हतं. तो माफी मागत होता. ज्याने काही केलं नव्हतं तो.

मास्तर उभे होते. धोतराला सार लागलेलं, मिशीवर भाताची शितं. त्यांनी मला विचारलं, "जोशी, मी इथे बसायचं नव्हतं काय?"

मी 'नव्हतं' म्हणून मान हलवली.

"मग कोण बसणार होतं?"

मी फोटोकडे बोट केलं.

ते खाली बसले. म्हणजे कोसळलेच. आणि दोन्ही पंजे फरशीवर टेकवून राख ओढायला लागले. राखेत पेटलेल्या काड्यांची टोकं होती. ती त्यांच्या तळव्यांत चिकटत होती, चर्र आवाज होत होता, पण ते हात उचलत नव्हते. कातडं जळल्याचा वास खोलीभर झाला. मिनची आई त्यांना हाताने दूर लोटत होती, तरी ते ओंजळ भरत होते, भांड्यात रिकामी करत होते, पुन्हा भरत होते. एक कणही राहू नये म्हणून बोटांनी फरशीच्या भेगा उकरत होते.

"बाबा, हात भाजतायत."

शालू. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांना हाक मारली होती. मास्तरांनी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती अशी त्यांना भीती वाटली असावी. ते राख गोळा करत राहिले. ती मूल मिनच्या आईकडे देऊन खाली बसली आणि तिने त्यांची मनगटं धरली, आणि मास्तरांनी हात सैल सोडले. शालूने नळाखाली त्यांचे हात धरले, मलम लावलं, कपडा बांधला. घट्ट बांधला.

मिनच्या आईने भांडं पुन्हा जागेवर ठेवलं, नव्या उदबत्त्या लावल्या. स्वयंपाकघरातून उरलेले रोल आणि भात आणून ताट पुन्हा मांडलं. काका नाकात कापूस घालून फोटोपुढे वाकले. मास्तर दाराशी उभे राहिले, आत यायची छाती नाही आणि बाहेर जायची इच्छा नाही.

"आता जा, बाबा," शालू म्हणाली. रागाने नाही, पण तेच म्हणाली.

आम्ही खाली आलो. रिक्षा बोलावली. मास्तर फुटपाथवर उभे, दोन्ही हात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेले, वाळ्याची डबी खिशात तशीच. मला वाटलं, हा माणूस आता इथेच कुणाला तरी मारेल, किंवा स्वतःला. तेवढ्यात जिन्यावरून मिन धावत आला. भुवईवर पट्टी, हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं. उदबत्ती संपली होती. आजोबांपुढच्या जेवणातलं घरी न्यायला दिल्याशिवाय पाहुण्याला पाठवायचं नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. त्याने पुडकं दोन्ही हातांनी पुढे धरलं.

मास्तरांनी बांधलेल्या पंज्यांनी ते छातीशी धरलं. मग वाळ्याची डबी काढता येईना, तर खिसा मिनपुढे केला. मिनने डबी काढून घेतली.

"पुढच्या वर्षी कधी?"

मिनने महिना आणि चंद्राचा दिवस सांगितला. तारीख दर वर्षी बदलते म्हणाला.

"म्हणजे तिथीनं," मास्तर म्हणाले. "तिथीनं असेल तर मला समजतं. पण बोलवायला ये. नाही आलास तर घरात शिरून तंगडं मोडीन तुझं. समजलं?"

"समजलं, बाबा."

"आणि मला सांग आधी, कुठे बसायचं ते."

पुढच्याच आठवड्यात मी नोकरी-घर आवरून निपाणीला परत आलो, आणि वर्षाच्या आत मास्तर गेल्याचा फोन आला. शालूचाच. आजोबांची पुढची तिथी त्याआधी येऊन गेली होती की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मला ते आठवतात ते त्या रिक्षात. गल्ली खड्ड्यांची होती. रिक्षा सुटली तसे ते पुढे वाकून ड्रायव्हरच्या पाठीवर कोपर हाणत ओरडले, "निधानवागी होगप्पा, स्वल्प बघून चालव! मांडीवर जेवण आहे!" चौथ्या मजल्यावर गॅलरीत शालू उभी होती. तिने हात हलवला नाही. कडेवरचं मूल तिने फिरवलं आणि त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. मास्तरांनी ते पाहिलं, आणि गल्लीच्या वळणापर्यंत ते रिक्षाबाहेर अर्धे लटकले होते.